हृदयाला छिद्र असलेल्या बाळाचं वजन वाढत नाही तेव्हा: कमी दुधात जास्त कॅलरी कशा द्यायच्या आणि वाढ कशी मोजायची

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असलेली बाळं जन्मानंतर पहिले काही आठवडे बऱ्यापैकी दूध पितात आणि वजनही वाढवतात. एक-दोन महिन्यांनी चित्र बदलतं. पिताना कपाळावर घाम येतो, श्वास भरभर चालतो. चार-पाच घोट घेतले की बाळ थांबतं, दमून झोपतं, आणि अर्ध्या तासात भुकेनं पुन्हा रडतं. आईला वाटतं आपलंच दूध कमी पडतंय. बहुतेक वेळा दूध कमी नसतं.

जन्माच्या वेळी फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यामुळे छिद्र असलं तरी फुप्फुसांकडे फारसं जादा रक्त जात नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्या वाहिन्या सैलावतात. मग हृदयाच्या डाव्या बाजूचं रक्त छिद्रातून उजवीकडे आणि तिथून पुन्हा फुप्फुसांत जायला लागतं. तेच रक्त परत परत फिरवण्यात हृदयाची शक्ती जाते आणि पाणी साठलेल्या फुप्फुसांनी श्वास घ्यायला बाळाला जास्त कष्ट पडतात. म्हणजे बाळाचा खर्च वाढतो आणि त्याच वेळी पिण्याची ताकद कमी होते. त्यात डॉक्टर लघवी वाढवणारं औषध देतात आणि दिवसभरात किती दूध चालेल याला मर्यादा घालतात, कारण जास्त द्रव म्हणजे हृदयावर जास्त भार.

म्हणून ‘जास्त दूध पाजा’ हा सल्ला इथे चालत नाही. दूध तेवढंच ठेवायचं आणि त्यातल्या कॅलरी वाढवायच्या, हा एकच रस्ता उरतो. हा लेख अशा बाळांपुरताच आहे. नवजात अवस्थेतच गंभीर झालेल्या, किंवा शस्त्रक्रियेनंतर छातीत चरबीयुक्त द्रव साठणाऱ्या बाळांचा आहार वेगळा असतो. त्यांना ही योजना लागू करू नये.

एका बाळाचा हिशेब

समजण्यासाठी तीन महिन्यांची एक मुलगी घेऊ. जन्मवजन २.९ किलो, एक महिन्याला ३.६, दोन महिन्यांना ४.० आणि आता ४.२ किलो. नुसते आकडे पाहिले तर वजन वाढतंय असंच दिसतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलींच्या वाढीच्या तक्त्यावर हे ठिपके मांडले की खरी गोष्ट दिसते. या तक्त्यावर मधली रेषा त्या वयाच्या मधल्या वजनाची असते आणि तिच्याखाली क्रमानं उणे एक, उणे दोन, उणे तीन अशा रेषा असतात. जन्माला आणि पहिल्या महिन्याला ती ‘उणे एक’ या रेषेच्या आसपास होती. दोन महिन्यांना ती जवळजवळ ‘उणे दोन’वर आली. आता तीन महिन्यांना उणे दोनची रेषा ४.५ किलोवर आणि उणे तीनची ४.० किलोवर आहे, आणि ती या दोन्हींच्या मध्ये आहे. पहिल्या महिन्यानंतर ती सतत खाली घसरतेय. गेल्या महिन्यात ती फक्त २०० ग्रॅम वाढली, म्हणजे दिवसाला सात ग्रॅमपेक्षाही कमी. या वयाच्या निरोगी बाळाकडून साधारण २० ग्रॅम किंवा त्याहून जास्त वाढ अपेक्षित असते.

आता ती खरोखर किती पिते? अंगावर पिणाऱ्या बाळाचं हे मोजायची साधी पद्धत आहे. पाजण्याआधी आणि पाजल्यावर त्याच कपड्यांत, त्याच लंगोटासकट, अचूक काट्यावर वजन करायचं. जेवढे ग्रॅम वाढले, साधारण तेवढे मिलिलीटर दूध पोटात गेलं. पूर्ण २४ तास प्रत्येक वेळी असं मोजल्यावर या मुलीची बेरीज ४६० मिली झाली असं धरू. आईच्या १०० मिली दुधात साधारण ६७ कॅलरी असतात, म्हणजे दिवसाला ३०८ कॅलरी, आणि दर किलो वजनामागे ७३. निरोगी बाळाला या वयात दर किलोला सुमारे १०० कॅलरी लागतात. हृदयाचा असा भार असलेल्या बाळाला साधारण १२० ते १५०. वजन का वाढत नाही याचं उत्तर इथेच आहे.

हृदयरोगतज्ज्ञांनी तिला दर किलोला १३० मिलीपर्यंत द्रव चालेल असं सांगितलं. ४.२ किलोला ते ५४६ मिली होतं. दर तीन तासांनी एकदा, असं दिवसात आठ वेळा ६८ मिली दिलं तर ५४४ मिली. हे सगळं साधं आईचं दूध असेल तर दर किलोला ८७ कॅलरी पोचतात. म्हणजे तिनं मर्यादेतलं शेवटच्या थेंबापर्यंत सगळं दूध प्यायलं तरीही कमीच. हा हिशेब आईवडिलांना कागदावर मांडून दाखवावा असं मला मनापासून वाटतं. त्यानंतर ‘मी नीट पाजत नाही’ हा आईच्या मनातला सल निघून जातो.

तेवढ्याच ५४४ मिलीमध्ये दर १०० मिलीला ८० कॅलरी असतील तर दर किलोला १०४ मिळतात, ९० असतील तर ११७, आणि १०० असतील तर १३०.

दूध दाट कसं करायचं, आणि नुसतं तेल का पुरत नाही

सगळ्यात आधी आईच्या दुधाचाच जास्त उपयोग करून घ्यायचा. पाजण्याच्या शेवटी येणाऱ्या दुधात चरबी जास्त असते, म्हणून कॅलरीही जास्त असतात. आईला भरपूर दूध येत असेल तर सुरुवातीचं दूध वेगळं काढून ठेवता येतं आणि नंतरचं दूध बाळाला देता येतं. यानं कॅलरी वाढतात. पण किती वाढल्या हे दर वेळी बदलतं, आणि प्रथिनं वाढत नाहीत.

प्रथिनांचा मुद्दा घरी हमखास सुटतो. कॅलरी वाढवायला सगळ्यात सोपं म्हणजे दुधात तेल घालणं. मध्यम साखळीच्या चरबीचं तेल, ज्याला एमसीटी तेल म्हणतात, ते पचायलाही सोपं असतं आणि त्याच्या एका मिलीत सुमारे साडेसात-आठ कॅलरी असतात. पण आईच्या १०० मिली दुधात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम असतात. ५४४ मिलीत साडेपाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे या मुलीला दर किलोला १.३ ग्रॅम. मागे पडलेली वाढ भरून काढायला अडीच ते तीन ग्रॅम किंवा त्याहून जास्त लागतात. तेल कितीही घातलं तरी हा आकडा १.३ वरच राहतो. अशानं बाळाच्या अंगावर थोडी चरबी चढेल, पण स्नायू आणि उंची मागेच राहील. आणि काट्यावर वजन वाढलेलं दिसल्यामुळे सगळ्यांची फसगत होईल.

म्हणून या मुलीसाठी आहारतज्ज्ञ अशी मांडणी करू शकतात. आठपैकी चार वेळा तान्ह्या बाळांसाठीच बनवलेला जास्त ऊर्जेचा तयार फॉर्म्युला, ज्याच्या १०० मिलीत १०० कॅलरी आणि सुमारे २.६ ग्रॅम प्रथिनं असतात. उरलेल्या चार वेळा आईचं काढलेलं दूध, त्यात नेहमीच्या फॉर्म्युल्याची पावडर मोजून घालून ८० कॅलरीपर्यंत आणलेलं. पावडरच्या एका ग्रॅममध्ये साधारण पाच कॅलरी असतात, त्यामुळे ६७ वरून ८० वर जायला १०० मिलीला अडीच ते तीन ग्रॅम पावडर लागते. या मांडणीत दिवसाच्या ४९० कॅलरी होतात, म्हणजे दर किलोला ११७. प्रथिनं साडेदहा ग्रॅमच्या पुढे जातात, म्हणजे दर किलोला अडीच. आईचं दूधही निम्मं राहतं, आणि त्यातून मिळणारं संरक्षणही.

हे ग्रॅम चमच्यानं अंदाजे घेऊ नयेत. डब्यातला चमचा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, आणि दाबून भरला की त्यात बरीच जास्त पावडर बसते. आहारतज्ज्ञांनी त्याच डब्याच्या, त्याच चमच्याच्या हिशेबानं आकडा लिहून द्यावा. एवढं छोटं माप असेल तर ग्रॅमचा छोटा काटा घेणं सगळ्यात बरं.

दाटपणा एकदम वाढवायचा नाही. आधी चार वेळचं आईचं दूध ८० वर न्यायचं. एक-दोन दिवस उलटी, जुलाब नाहीत असं दिसलं की दिवसातून एकदा दाट फॉर्म्युला, मग दोनदा, असं चढत जायचं. दाट दुधात विरघळलेले पदार्थ जास्त असतात. ते आतड्यात पाणी ओढतात आणि पातळ शी होऊ शकते. शिवाय ते पदार्थ बाहेर टाकायला मूत्रपिंडाला पाणी लागतं, आणि हे बाळ आधीच लघवी वाढवणाऱ्या औषधावर असतं. त्यामुळे लंगोट नेहमीपेक्षा कमी ओले होत असतील, तोंड कोरडं असेल, टाळू खोल गेली असेल तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. पोट फुगून कडक झालं, हिरवी उलटी झाली किंवा शीतून रक्त गेलं तर दूध थांबवायचं आणि थेट रुग्णालयात जायचं. आपल्या मनानं ‘अजून एक चमचा घालू, लवकर भरेल’ हे इथे खरोखर धोक्याचं आहे.

पावडरबद्दल आणखी एक. ती निर्जंतुक नसते. पाण्यात फॉर्म्युला बनवताना किमान ७० अंश सेल्सिअसचं पाणी वापरून मग तो झटपट कोमट करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे, कारण त्या तापमानाला धोकादायक जंतू मरतात. आईच्या दुधात पावडर घालताना ही सोय नसते, आईचं दूध इतकं तापवत नाहीत. म्हणून हे मिश्रण हात आणि भांडी स्वच्छ करून, प्रत्येक वेळेपुरतंच ताजं बनवायचं. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं आणि बाळानं उष्टं टाकलेलं फेकून द्यायचं.

अर्ध्या तासाचा नियम आणि नाकातली नळी

कॅलरी दुधात आल्या, आता त्या बाळाच्या पोटात जायला हव्यात. पिणं हे या बाळासाठी व्यायामच आहे. एक वेळ तास-तासभर चालली तर शेवटच्या भागात जेवढं दूध जातं त्याचा बराचसा वाटा ते पिण्याच्या कष्टातच संपतो. म्हणून तोंडानं पाजणं २० ते ३० मिनिटांत थांबवायचं. ६८ पैकी ४० मिली गेलं असेल तर उरलेलं २८ मिली नाकातून पोटात गेलेल्या बारीक नळीनं, सावकाश, आपोआप उतरू द्यायचं. पिचकारीनं ढकलायचं नाही. शांत असतानाही श्वास मिनिटाला ६०-७० च्या वर चालला असेल तर तोंडानं पाजायचा आग्रहच नको, कारण दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. अशा वेळी संपूर्ण दूध नळीनं द्यायचं, आणि श्वासाचा वेग नेहमीपेक्षा वाढलेला असेल तर डॉक्टरांनाही कळवायचं.

नळी म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. तिची दोन भय खरी आहेत आणि दोन्हींची काळजी घेता येते. पहिलं म्हणजे नळी जागेवरून हलणं. प्रत्येक वेळी देण्याआधी नाकपुडीजवळची सेंटीमीटरची खूण तीच आहे ना हे पाहायचं. नळीतून थोडा द्रव ओढून आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्टीवर तपासायचा, आणि रुग्णालयानं शिकवलेल्या मर्यादेत, सहसा साडेपाच किंवा त्याहून कमी, आला तरच दूध सोडायचं. शंका आली तर नाही द्यायचं. दुसरं भय म्हणजे बाळ चोखायला विसरेल. म्हणून दर वेळी झेपेल तेवढं तोंडानं द्यायचंच, आणि नळीतून दूध जात असताना चोखणी किंवा आईचं रिकामं केलेलं स्तन चोखायला द्यायचं. माझ्या मते नळीला उशीर करणं हीच मोठी चूक असते. चार आठवडे ‘आज थोडं जास्त प्यायली’ म्हणत गेले की त्या चार आठवड्यांची वाढ परत मिळवणं फार अवघड जातं.

वजन कसं वाचायचं

योजना लागू पडते की नाही हे काट्यावरच कळतं, पण काटा फसवतोही. वजन उघड्या अंगानं, त्याच काट्यावर, दिवसाच्या त्याच वेळी, पाजण्याआधी करायचं. काटा १० ग्रॅमपर्यंत अचूक हवा. घरी रोज वजन करू नये. एक लघवी किंवा एक शी ३०-४० ग्रॅमचा फरक करते आणि घरचं वातावरण रोज वर-खाली होतं. आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. पाहायचं ते दोन वजनांमधलं अंतर भागिले दिवस.

आपल्या मुलीचं वजन पुढे असं गेलं असं धरू. पहिल्या दिवशी ४.२० किलो. त्याच दिवशी लघवीच्या औषधाचा डोस वाढवला, आणि तिसऱ्या दिवशी वजन ४.१३. घरी घबराट. पण श्वास हलका झाला होता, पापण्यांची सूज उतरली होती. उतरलं ते अंगात साठलेलं पाणी. सातव्या दिवशी ४.१७. खरा हिशेब या वजनापासून सुरू करायचा, कारण आता दूध ठरलेल्या दाटपणावर आलेलं आहे आणि जादा पाणी गेलेलं आहे. चौदाव्या दिवशी ४.३१, एकविसाव्याला ४.४५. दोन्ही आठवड्यांत दिवसाला २० ग्रॅम. मग तेविसाव्या दिवशी अचानक ४.६८. दोन दिवसांत २३० ग्रॅम. घरी आनंद, पण ही वाढ मांसाची असूच शकत नाही. दूध कितीही दाट असलं तरी एवढ्या वेगानं बाळ वाढत नाही. डोळ्यांभोवती सूज, कमी लघवी, भरभर श्वास हे सोबत असेल तर हृदयाला भार झेपत नाहीये आणि त्याच दिवशी दाखवायला हवं. तिचं औषध बदललं, अठ्ठाविसाव्या दिवशी वजन ४.५६ आलं. सातव्यापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत ३९० ग्रॅम, २१ दिवसांत, म्हणजे दिवसाला साधारण १९ ग्रॅम.

हे यश आहे का? तक्त्यावर पाहिलं तर चार महिन्यांच्या मुलींसाठी उणे दोनची रेषा ५.० वर आणि उणे तीनची ४.४ वर आहे. ती अजून दोन्हींच्या मध्येच आहे, साधारण महिन्यापूर्वी होती त्याच ठिकाणी. मधल्या रेषेवरची मुलगीसुद्धा या महिन्यात दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास वाढते. म्हणजे आपल्या मुलीची घसरण थांबली, पण मागचं भरून निघालं नाही. मोठं छिद्र उघडं असताना बहुतेकदा एवढंच साधतं, आणि शस्त्रक्रियेपर्यंत घसरण थांबवणं हेच या योजनेचं काम आहे.

इथे एक बारकावा सहज निसटतो. बाळ वाढतं, पण कागदावरचं दूध तेच राहतं. ४.५६ किलोला ४९० कॅलरी म्हणजे दर किलोला ११७ नव्हे, १०७. महिनाभरात योजना आपोआप दुबळी झाली. म्हणून दर आठवड्याच्या वजनावर द्रवाची मर्यादा आणि कॅलरी नव्यानं काढायच्या. आता १३० मिलीच्या हिशेबानं तिला ५९० मिलीच्या आसपास चालेल, म्हणजे प्रत्येक वेळी ७४ मिली.

वजनासोबत महिन्यातून एकदा लांबी आणि डोक्याचा घेर. लांबी फळीवर, दोन माणसांनी, एकानं डोकं आणि दुसऱ्यानं पाय सरळ धरून मोजायची. टेपनं पाळण्यात मोजलेली लांबी दोन-तीन सेंटीमीटरनं सहज चुकते. उपासमारीत आधी वजन मागे पडतं, मग लांबी, आणि सगळ्यात शेवटी डोकं. वजन चांगलं वाढतंय आणि लांबी अडलेली आहे असं दिसलं तर प्रथिनं पुन्हा तपासायची. वजन ठीक असताना डोक्याचा घेर मागे राहत असेल तर कारण आहाराबाहेर, कदाचित जनुकीय, शोधावं लागतं. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर ठिपका दुरुस्त वयावर, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या वयावर मांडायचा, नाहीतर ते आहे त्याहून जास्त मागे दिसतं. डाऊन सिंड्रोम असेल तर त्या मुलांसाठीचा वेगळा तक्ताही सोबत ठेवावा.

नळी जागेवर आहे, दूध ठरल्याप्रमाणे पोटात जातंय, उलट्या नाहीत, कॅलरी दर किलोला १३०-१४० पर्यंत नेल्या, औषधंही पुरेशी आहेत, आणि तरी दोन-तीन आठवडे दिवसाला १० ग्रॅमच्या खालीच वाढ होतेय, असं झालं तर आणखी पावडर घालत बसू नये. आधी जंतुसंसर्ग, रक्तक्षय, थायरॉइड, रक्तातलं सोडियम हे तपासावं. लघवीच्या औषधानं सोडियम खाली गेलं तर पुरेशा कॅलरी असूनही बाळ वाढत नाही, आणि ही गोष्ट रक्ताच्या एका चाचणीत कळते. ते सगळं ठीक निघालं, तर न वाढणं हेच छिद्र बंद करण्याचं कारण ठरतं. ‘आधी वजन वाढू दे, मग ऑपरेशन’ असं कुणी म्हणालं, तर वजन अडण्याचं कारण ते छिद्रच आहे हे तारीख, वजन, दिवसाला ग्रॅम आणि दर किलोला कॅलरी अशा चार रकान्यांच्या वहीतून दाखवता येतं. लहान वजनाच्या बाळांचीही ही शस्त्रक्रिया अनुभवी केंद्रांत होते. किती थांबायचं हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सकांनी ती वही समोर ठेवून घ्यायचा.

शस्त्रक्रियेनंतरही दाट दूध लगेच बंद करत नाहीत. हृदयाचा खर्च कमी झाला की तीच कॅलरी वाढीला लागते आणि पुढच्या काही महिन्यांत बरीच बाळं एकेक रेषा वर चढतात. बाळ तोंडानं सगळं दूध पिऊ लागलं की आधी नळीचं दूध कमी करायचं, मग दाटपणा १०० वरून ८० आणि ८० वरून साध्या दुधावर आणायचा, प्रत्येक पायरीवर दोन आठवड्यांचं वजन पाहून. लांबीच्या मानानं वजन मधल्या रेषेच्या वर जायला लागलं तर पायऱ्या लवकर उतरायच्या.